शब्द दिला, मोबदला नाही: कंपनी कितपत बांधली जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, रांजणगावकडून आमच्याकडे येणाऱ्या कारखानदारांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "साहेब, त्यांनी शब्द दिला होता." दुसरंही ठरलेलं असतं: "पण तसा कागद नाही." शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात चहा पिता पिता या दोन वाक्यांवर जे बोलणं होतं, ते इथे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडलं आहे.

मोबदला न घेता दिलेला शब्द कायद्याने बांधतो का?

साधारणपणे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २५ सांगतं की मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल असतो. कायद्याच्या भाषेत मोबदल्याला प्रतिफल म्हणतात. कलमाला तीन अपवाद आहेत: जवळच्या नात्यात प्रेमापोटी केलेला, लेखी आणि नोंदणीकृत करार, कुणी आपणहून आपल्यासाठी आधीच केलेल्या कामाची भरपाई देण्याचं वचन, आणि मुदतबाह्य झालेलं देणं फेडण्याचं लेखी, सहीचं वचन. धंद्यातली आश्वासनं यांत क्वचितच बसतात. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने "या दिवाळीला तुम्हाला नवीन लेथ घेऊन देतो" म्हटलं आणि दिवाळी कोरडी गेली, तर कोर्टात जाऊन काही हाती लागत नाही. मात्र काही वेळा प्रॉमिसरी एस्टॉपेल नावाच्या नियमामुळे असा शब्दही बांधतो.

मग प्रॉमिसरी एस्टॉपेल म्हणजे नेमकं काय?

समोरच्याने स्पष्ट, निःसंदिग्ध शब्द दिला. आपण त्यावर विसंबून पाऊल उचलू, हे त्याला माहीत होतं किंवा त्याला तेच हवं होतं. आपण खरोखर पाऊल उचललं. आता त्याला शब्द फिरवू दिला तर ते अन्यायाचं होईल. एवढं सगळं जुळलं की कोर्ट त्याला म्हणतं, मोबदला मिळाला नाही ही सबब तुम्हाला आता पुढे करता येणार नाही.

हे कुठल्या कलमात लिहिलेलं नाही. पुरावा कायद्यातलं एस्टॉपेलचं कलम, म्हणजे पूर्वीचं ११५ आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं १२१, हे अस्तित्वात असलेल्या गोष्टीबद्दल केलेल्या कथनासाठी आहे. "हे गोदाम माझं आहे" असं सांगून माल ठेवायला लावला आणि नंतर "माझं नव्हतंच" म्हटलं, तर ते लागू होतं. "पुढच्या वर्षी गोदाम देतो" हे भविष्याबद्दलचं वचन असतं. त्यासाठीचा नियम कोर्टांनी न्यायबुद्धीतून घडवला. तो करार कायद्यातच २५-अ असं कलम घालून लिहून टाकावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९८४ मध्ये आपल्या १०८व्या अहवालात केली होती. ते कलम काही आलं नाही. त्यामुळे आजही सगळी भिस्त निकालांवर आहे.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

घेऊ. उदाहरण बनवलेलं आहे, पण भोसरीत कुणालाही ओळखीचं वाटेल असं.

एक कारखानदार दोन मशीनवर एका मोठ्या कंपनीसाठी ब्रॅकेटचं जॉबवर्क करतो. कंपनीचा परचेस मॅनेजर शेडमध्ये येतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "शेठ, तुमची कपॅसिटी कमी पडतेय. अजून एक व्हीएमसी टाका. महिन्याला ४,००० पीस, दोन वर्षं, माझ्याकडून फिक्स."

"साहेब, लेखी द्याल?"

"अहो, मेल टाकतो की."

मेल येतो. त्यात लिहिलेलं असतं: नवीन मशीनची व्यवस्था करावी, दरमहा ४,००० नगांचं शेड्यूल २४ महिने देण्याचा आमचा मानस आहे.

शेठ ३२ लाखांचं मशीन घेतात. ८ लाख स्वतःचे, २४ लाख बँकेचे, पाच वर्षांची मुदत, साडेदहा टक्के व्याज, म्हणजे हप्ता साधारण साडेएक्कावन्न हजार. शिवाय त्या ब्रॅकेटपुरतेच चालणारे फिक्स्चर २ लाख ४० हजारांचे, आणि पाया व वाढीव वीजभार यांना १ लाख १० हजार. सात महिने ४,००० चं शेड्यूल नियमित येतं. आठव्या महिन्यात ६०० येतं. नवव्यात काही नाही. फोन केला तर उत्तर मिळतं, "मॅनेजमेंटने पार्ट इनहाउस घेतला. आम्ही तुम्हाला काही कमिट केलं नव्हतं."

शेठचा प्रश्न सरळ आहे. कंपनीने एक रुपया ॲडव्हान्स दिला नव्हता, शेठनेही त्या शब्दाबद्दल कंपनीला काही दिलं नव्हतं. मग शब्द बांधतो का?

यात मोबदला खरंच नव्हता का?

आमच्या मते संबंध प्रकरणात हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

आपल्याकडे मोबदल्याची व्याख्या इंग्लंडपेक्षा सैल आहे. कलम २(ड) नुसार, वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्याने काही केलं किंवा करायचं टाळलं, तर तेवढ्याने मोबदला होतो. वचन देणाऱ्याच्या खिशात काही पडलंच पाहिजे असं नाही. म्हणजे कंपनीने "मशीन टाका" म्हटलं आणि शेठने त्यावरून मशीन टाकलं, तर मशीन टाकणं हाच मोबदला. अटीप्रमाणे कृती केली की प्रस्ताव स्वीकारला गेला, असं कलम ८ सांगतं. मग हे वचन बिनमोबदल्याचं उरतच नाही. तो सरळ करार झाला आणि दावा करारभंगाचा.

आता तोच प्रसंग थोडा बदलून बघा. मॅनेजर शेडमध्ये आलाच नाही. व्हेंडर मीटमध्ये, जेवणाच्या रांगेत उभा असताना तो म्हणाला, "पुढची दोन वर्षं ब्रॅकेटचं काम तुमच्याकडेच राहणार, महिन्याला ४,००० नक्की." मशीनचा विषय त्याने काढला नाही. शेठने घरी हिशोब मांडला आणि स्वतःच्या विचाराने मशीन घेतलं. इथे मशीन कंपनीच्या इच्छेवरून घेतलेलं नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८० मध्ये दुर्गा प्रसाद विरुद्ध बलदेव या खटल्यात हाच फरक केला. एकाने कलेक्टरच्या सांगण्यावरून बाजारात दुकानं बांधली. तिथे माल विकणाऱ्यांनी त्याला विक्रीवर कमिशन देण्याचं कबूल केलं. दुकानं कलेक्टरच्या इच्छेवरून बांधली गेली होती, कमिशन कबूल करणाऱ्यांच्या नव्हे. म्हणून मोबदला नाही आणि करारही नाही.

प्रॉमिसरी एस्टॉपेलची गरज पडते ती या दुसऱ्या प्रसंगात. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही शेठना एकच गोष्ट आठवायला सांगतो: मशीन हा शब्द आधी कुणाच्या तोंडून निघाला? तो कंपनीच्या तोंडून निघाला असेल तर दाव्यात करार पुढे ठेवायचा आणि एस्टॉपेल पर्यायी मुद्दा म्हणून मागे. शेठच्याच डोक्यातून निघाला असेल तर एस्टॉपेल हाच मुख्य आधार, आणि लढाई अवघड.

"मानस आहे" या शब्दांनी कंपनी सुटेल का?

सुटायचा प्रयत्न तर नक्की करेल. वचन निःसंदिग्ध हवं, आणि मानस म्हणजे इरादा, इरादा म्हणजे वचन नव्हे, असा युक्तिवाद होणारच. नुसता तो मेल असता तर आम्हीही शेठना फार आशा दाखवली नसती.

पण कोर्ट एकच ओळ सुटी काढून वाचत नाही. मेलनंतर काय घडलं ते बघतं. कंपनीच्या क्वालिटीची माणसं येऊन फिक्स्चर पास करून गेली का? नव्या मशीनवरचं सॅम्पल मंजूर केलं का? पुढचे सात महिने शेड्यूल बरोबर ४,००० चंच होतं का? आणि मधे कधी मॅनेजरने व्हॉट्सॲपवर "मशीन कधी उतरतंय? लाइन थांबायला नको" असं लिहिलं का? शेवटचा मेसेज त्या मेलपेक्षाही वजनदार ठरू शकतो. शेठ आपल्या शब्दावर पैसे ओततोय हे कंपनीला ठाऊक होतं, आणि तिला ते हवंही होतं, हे त्यातून दिसतं.

पण पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरांत "नगसंख्या अंदाजे, बंधनकारक नाही" असं छापलेलं आहे.

हा खरा अडथळा आहे. लेखी करारातल्या अटीच्या विरुद्ध तोंडी बोलण्याचा पुरावा सहसा घेता येत नाही. ओपन ऑर्डरवर ही ओळ असेल आणि शब्द फक्त तोंडी असेल, तर शेठची बाजू लंगडी पडते.

तारखा मात्र जरूर बघा. ऑर्डर आधीची आणि मेल नंतरचा असेल, तर "नंतर लेखी शब्द देऊन तुम्ही ती अट बाजूला ठेवली" असं म्हणायला जागा उरते. उलट, मेलनंतर कंपनीने नवी ऑर्डर पाठवली, तिच्यातही तीच ओळ होती आणि शेठने निमूटपणे शिक्का मारून ती परत केली, तर ती जागाही जवळजवळ बंद होते. मागचं पान न वाचता शिक्का मारायची सवय आपल्याकडे फार. त्याच दिवशी "ही ऑर्डर अमुक तारखेच्या मेलला अधीन आहे" एवढं एक वाक्य उत्तरात टाकलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

परचेस मॅनेजरला असा शब्द द्यायचा अधिकारच नव्हता, असं कंपनी म्हणते.

कंपनीच्या आत कुणाला किती अधिकार आहेत हे बाहेरच्या माणसाला कळत नसतं. करार कायद्याचं कलम २३७ म्हणतं की, प्रतिनिधीला अधिकार आहे असा समज मालकाने स्वतःच्या बोलण्या-वागण्यातून निर्माण केला असेल, तर त्या प्रतिनिधीच्या कृतीने मालक बांधला जातो. वर्षानुवर्षं दर, शेड्यूल, वाढ सगळं याच माणसाने ठरवलं आणि कंपनीने पाळलं, तर आज हात झटकणं कठीण. पण मॅनेजरनेच "वरून मंजुरी यायचीय" असं लिहिलं असेल, तर शेठला माहीत होतं असंच धरलं जाईल.

जिंकलो तर मिळेल किती?

इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. ३२ लाखांचं मशीन म्हणजे ३२ लाखांचा दावा, असं होत नाही. दोन रस्ते आहेत, आणि दोन्हींचे पैसे एकदम मिळत नाहीत.

करार सिद्ध झाला तर शब्द पाळला असता तेव्हा जे मिळालं असतं ते मोजतात. दर नगाला ३८ रुपये धरला तर ४,००० नगांचे महिन्याला १ लाख ५२ हजार. ऑपरेटर, वीज, टूल्स, जागेचा वाटा यांचे ९८ हजार वजा केले की हप्त्याआधी ५४ हजार उरतात. राहिले १७ महिने. आठव्या महिन्यातले ६०० नग तूर्त बाजूला ठेवले तर ९ लाख १८ हजार. त्यातून मशीनवर दुसरं काम घेऊन जे मिळवलं किंवा रीतसर प्रयत्न केला असता तर मिळवता आलं असतं, ते वजा होतं. मशीन वर्षभर ताडपत्रीखाली झाकून ठेवून कंपनीकडे बोट दाखवणाऱ्याची भरपाई याच कारणाने आटते.

फक्त एस्टॉपेल सिद्ध झालं तर वचन जसंच्या तसं पाळायला लावणं कोर्टाच्या हातात असतं, पण विसंबल्याने झालेलं नुकसान भरून देण्याकडे कल जाऊ शकतो. मशीन २५ लाखांना विकलं गेलं तर तूट ७ लाख. फिक्स्चर भंगारात, २ लाख ४० हजार. पाया आणि वीजभार १ लाख १० हजार. आठ महिन्यांचं व्याज साधारण दीड लाख. एकूण १२ लाख. पण पहिल्या सात महिन्यांत याच मशीनने दरमहा ५४ हजार, म्हणजे ३ लाख ७८ हजार मिळवून दिले. ते वजा करून ८ लाख २२ हजार.

आकडे जवळपास आले हा इथला योगायोग आहे. मशीन दुसऱ्या कामाला सहज लागत असेल तर दुसरा आकडा एकदम खाली येतो.

एस्टॉपेल ही फक्त ढाल आहे, तलवार नाही, असं आमचे वकील म्हणाले.

तो इंग्लंडचा नियम. तिथे १९५१ च्या कोम्ब विरुद्ध कोम्ब या निकालापासून म्हणतात की एस्टॉपेल बचावापुरतं वापरता येतं, त्यावर नवा दावा उभा करता येत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात ही मर्यादा नाकारली. नव्या उद्योगांना तीन वर्षं विक्रीकर माफ, असं सरकारने १९६८ मध्ये जाहीर केलं. कंपनीने मुख्य सचिवांकडून लेखी खात्री करून घेतली आणि कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. १९७० मध्ये उत्पादन सुरू झालं आणि सरकार मागे फिरलं. कोर्टाने सरकारला शब्दाला बांधलं. त्याच निकालात हेही म्हटलं की एस्टॉपेलच्या आधारे दावा लावता येतो, पक्षांमध्ये आधीपासून काही कायदेशीर नातं असण्याची गरज नाही, आणि विसंबून पाऊल उचललं एवढं पुरेसं आहे. तोटाच झाला असं दाखवावं लागत नाही.

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. गाजलेले बहुतेक निकाल सरकार, महामंडळं आणि नगरपालिका यांच्याविरुद्धचे आहेत. आपल्या जवळचंच उदाहरण म्हणजे १९७० चं सेंच्युरी स्पिनिंग विरुद्ध उल्हासनगर नगरपालिका: सात वर्षं जकात घेणार नाही असं कबूल करून नगरपालिका फिरली, तेव्हा सार्वजनिक संस्थेलाही आपला शब्द असा झटकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठवलं. खासगी कंपनीलाही तत्त्व तेच लागू होतं. पण तिथे उच्च न्यायालयात रिट घेऊन जाता येत नाही. दिवाणी दावा, साक्षी, उलटतपासणी असा लांबचा रस्ता आहे, आणि दोन व्यापारी समोरासमोर असले की "तुम्ही कागद का करून घेतला नाहीत?" हा प्रश्न न्यायाधीश विचारतातच.

आमच्या गणपती मंडळाला एका दुकानदाराने ५१ हजारांची वर्गणी कबूल केली. देखाव्याची ऑर्डर दिल्यावर नाही म्हणतोय.

दर वर्षी श्रावणात येणारा प्रश्न! त्याचं उत्तर १८८६ चं आहे. हावड्याला टाउन हॉल बांधायचा होता. गोरी महंमद यांनी यादीत १०० रुपये मांडले. त्या यादीच्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलं गेलं. नंतर त्यांनी पैसे नाकारले. केदारनाथ भट्टाचार्जी विरुद्ध गोरी महंमद या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने ते वसूल करता येतील असं ठरवलं, कारण हे पैसे कशासाठी आहेत आणि त्यांच्या जोरावर कंत्राटदाराची देणी अंगावर घेतली जाणार आहेत, हे वर्गणीदाराला माहीत होतं. उलट १९१४ च्या अब्दुल अझीझ विरुद्ध मासूम अली खटल्यात मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले ५०० रुपये मिळाले नाहीत. त्या वचनावर विसंबून काही कामच सुरू झालेलं नव्हतं.

म्हणजे तुमच्या मंडळाने दुकानदाराच्या आकड्यावर विसंबून मंडपवाल्याला किंवा मूर्तिकाराला ऑर्डर दिली असेल, आणि दुकानदाराला ते ठाऊक असेल, तर बाजू बरी आहे. यादीत नुसता आकडा लिहून घेतला असेल तर नाही. आणि कमानीवर त्याच्या दुकानाचा फलक लावायचं ठरलं होतं का, ते आधी आठवा. तसं असेल तर ती वर्गणी नव्हेच, जाहिरातीचा करार आहे. पाचशे मीटरवरच्या दुकानदाराशी ५१ हजारांसाठी कोर्टात जावं का, हा वेगळा विचार. पुढच्या वर्षीही पावतीपुस्तक घेऊन त्याच्याच दारात जायचं असतं.

मालकाने मंदीत दुकानाचं भाडं निम्मं केलं आणि आता दोन वर्षांचा फरक मागतोय.

इथे एस्टॉपेलच्याही आधी करार कायद्याचं कलम ६३ कामाला येतं. येणं असलेली रक्कम माफ करायला, कमी घ्यायला किंवा मुदत वाढवायला आपल्याकडे मोबदला लागत नाही. निम्मं भाडं पूर्ण भाडं म्हणून स्वीकारलं असेल, तर त्या महिन्यांचा फरक परत मागता येत नाही. मूळ करार नोंदणीकृत असेल तर नुसत्या तोंडी बदलाचा पुरावा चालत नाही, म्हणून मालकाचा मेसेज आणि "भाडं पूर्ण मिळालं" असं लिहिलेली पावती जपून ठेवा.

पुढच्या भाड्याचं काय, याचं उत्तर लंडनच्या हाय ट्रीज खटल्यात आहे. युद्धामुळे फ्लॅट रिकामे पडले म्हणून १९४० मध्ये वार्षिक भाडं २,५०० पौंडांवरून १,२५० वर आणलं गेलं. १९४५ पर्यंत इमारत भरली. १९४६ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी ठरवलं की ती परिस्थिती संपल्यावर पूर्ण भाडं मागता येईल. आणि सवलतीच्या काळातला फरक मागितला असता तर तो मिळाला नसता. लक्ष्मी रोडवर गर्दी परतल्यावरही निम्म्या भाड्याचा हट्ट धरता येणार नाही. मालकाने वाजवी मुदतीची नोटीस दिली की सवलत संपते.

कंपनी काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. तरी बांधली जाते का?

नुसत्या मौनाने सहसा नाही. पण आपण खर्च करतोय हे बघत, मनात माघार ठरवून, मुद्दाम गप्प बसणं वेगळं. १९८८ च्या ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टन्स स्टोअर्स विरुद्ध माहेर खटल्यात जागामालकाने भाडेकरू होणार असलेल्या कंपनीसाठी जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली. कराराच्या प्रतींची देवाणघेवाण राहिली होती. कंपनीचा विचार बदलत होता, बांधकाम चालू आहे हेही तिला कळलं होतं, तरी तिने सांगितलं नाही. चाळीस टक्के बांधकाम झाल्यावर तिने माघार कळवली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली. परदेशी निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो, पण अशा प्रसंगात तो दाखवण्यासारखा आहे.

पुरावा म्हणून व्हॉट्सॲप चालतं का?

चालतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, द्यावी लागते. फोन बदलला आणि चॅट उडालं, ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिल्याच दिवशी फोन न बदलण्याची तंबी देतो. स्क्रीनशॉटवर विसंबू नका; चॅट मूळ फोनमध्येच राहू द्या.

आणि तारखांचा क्रम लावा: शब्द कधी, बँकेचं मंजुरीपत्र कधी, मशीनचं बुकिंग कधी. बुकिंग शब्दाच्या आधीचं निघालं तर विसंबण्याचा मुद्दाच कोसळतो. कर्जाच्या अर्जाला जोडलेला प्रकल्प अहवाल मात्र आवर्जून काढा. "अमुक कंपनीकडून दरमहा ४,००० नगांचं आश्वासन" असं तिथे लिहिलेलं असेल, तर तो वाद सुरू होण्यापूर्वीचा पुरावा आहे, आणि तो पाडणं सोपं नाही.

दावा कुठे आणि किती दिवसांत?

शब्द मोडल्यापासून तीन वर्षांत. जॉबवर्क ही सेवा आहे, आणि रक्कम ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ते वाणिज्य न्यायालयाचं प्रकरण. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर दाव्याआधी वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ ची मध्यस्थी सक्तीची आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. ऑर्डरच्या मागे लवादाचं कलम असेल तर रस्ता तिकडे वळतो.

सूक्ष्म-लघु उद्योगांच्या परिषदेकडे याची तक्रार घेऊन जाऊ नका. ती पुरवलेल्या मालाचे, केलेल्या कामाचे थकलेले पैसे मिळवून देते. न आलेल्या ऑर्डरी तिच्या कक्षेत येत नाहीत.

जुनी बिलं सोडण्यासाठी कंपनी "कोणताही दावा उरलेला नाही" अशा पत्रावर सही मागतेय. करू का?

थांबा. भाडेकरूला वाचवणारं कलम ६३ इथे तुमच्यावर उलटतं. तुम्हीही मोबदल्याशिवाय हक्क सोडू शकता, आणि ते पत्र म्हणजे तेच. सहा-सात लाखांची बिलं अडकली असताना सही करायची वेळ येते, हे आम्हाला कळतं. पण "दबावाखाली केली" हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं. बिलांचे पैसे तर तुमचे तसेही येणं आहेत, आणि त्यांच्यासाठी वर सांगितलेली परिषद आहेच. पत्रात बदल सुचवा: "अमुक क्रमांकांच्या बिलांपोटी पूर्ण रक्कम मिळाली, अमुक तारखेच्या मेलमधील आश्वासनाबाबतचे हक्क राखून." कंपनीने हे वाक्य खोडून पत्र परत पाठवलं, तर खोडलेली प्रत फाइलला लावून ठेवा.